स्कॅन अडतं ते नेमकं कुठे?

तालुक्याच्या गावी कचेरीसमोर झेरॉक्सचं एखादं तरी दुकान असतंच. पूर्वी लोक तिथे कागद घेऊन जात, आता फोन घेऊन जातात. सातबाऱ्याची पीडीएफ, मुलीची गुणपत्रिका, आधार कार्डाचा फोटो, सगळं दुकानाच्या नंबरवर व्हॉट्सॲप करायचं आणि दुकानदाराने ते कॉम्प्युटरवर उघडून छापून द्यायचं. हा व्यवहार चालतो व्हॉट्सॲप वेबच्या जिवावर. एखाद्या सकाळी ते लॉग आउट झालेलं असतं. पडद्यावर क्यूआर कोड आलेला असतो, दुकानदार त्याच्यासमोर फोन धरतो आणि काहीच होत नाही. समोर गिऱ्हाइकं ताटकळलेली. एक म्हणतो नेट गेलं असेल, दुसरा म्हणतो फोन बंद करून चालू करा, तिसरा म्हणतो दोन्ही एकाच वाय-फायवर नसतील. तिघांनाही खात्री असते, आणि बहुधा तिघंही चुकीचे असतात.

याचं कारण असं, की ‘स्कॅन होत नाही’ ही एक तक्रार नाही, तीन तक्रारी आहेत. कॅमेऱ्याला कोड वाचताच येत नाही, ही पहिली. कोड वाचला जातो पण फोन आणि व्हॉट्सॲपचा सर्व्हर यांच्यात पुढचं बोलणं पुरं होत नाही, ही दुसरी. तेही पुरं होतं, पण कॉम्प्युटरवरच्या ब्राउझरला मिळालेली जोडणी टिकवता येत नाही, ही तिसरी. उपाय तिन्हींचे वेगळे आहेत. पहिल्या बिघाडावर तिसऱ्याचा उपाय करत बसलं तर सकाळ वाया जाते. सुदैवाने आपण कुठे अडलो आहोत हे फोनच्या पडद्यावर दिसतं, फक्त बघायला हवं.

आधी हा कोड काय काम करतो ते समजून घेऊ. व्हॉट्सॲप वेब जानेवारी २०१५ मध्ये आलं, तेव्हा ते फक्त क्रोम ब्राउझरमध्ये चालायचं आणि कॉम्प्युटरला स्वतःचं असं काही नव्हतं. प्रत्येक संदेश फोनमधूनच जायचा-यायचा. फोनची बॅटरी संपली की कॉम्प्युटरही गप्प. जुलै २०२१ मध्ये कंपनीने नवी रचना चाचणीसाठी आणली आणि पुढे ती सगळ्यांना मिळाली. तिच्यात कॉम्प्युटर हे स्वतंत्र साधन आहे. फोन बंद असला तरी ते चालतं, मात्र फोन सलग १४ दिवस वापरलाच नाही तर जोडलेली सगळी साधनं बाहेर काढली जातात. एका फोनला अशी चार साधनं जोडता येतात. या चारच्या आकड्याकडे आपण पुन्हा येऊ, कारण बऱ्याच सकाळी तोच खरा गुन्हेगार असतो.

व्हॉट्सॲपचे संदेश कुलूपबंद जातात आणि त्याच्या किल्ल्या फक्त साधनांकडे असतात, कंपनीच्या सर्व्हरकडे नाही. म्हणून नवा कॉम्प्युटर आला की त्याला आपल्या किल्ल्या स्वतः तयार कराव्या लागतात आणि ‘हा माझाच’ असं फोनला सांगावं लागतं. पूर्वी बँकेत खातं उघडायला जुन्या खातेदाराची ओळखीची सही लागायची, तसं हे काम आहे; सही करणारा जुना खातेदार म्हणजे आपला फोन. ब्राउझर किल्ल्यांच्या जोड्या बनवतो. त्यांचा उघड भाग, सर्व्हरने दिलेला एक तात्पुरता क्रमांक आणि एक गुप्त संख्या, असं सगळं तो क्यूआर कोडमध्ये मांडतो. फोन ते कॅमेऱ्याने वाचतो, ब्राउझरच्या किल्लीवर आपली डिजिटल सही करतो आणि ती सर्व्हरमार्फत परत पाठवतो. ब्राउझर त्या गुप्त संख्येच्या मदतीने पडताळतो, की ही सही खरोखर समोरच्याच फोनकडून आलेली आहे. गुप्त संख्या इंटरनेटवरून गेलेलीच नसते, ती पडद्यावरून कॅमेऱ्यात फक्त उजेडाने गेलेली असते. इंटरनेट असताना कॅमेऱ्याचा खटाटोप कशाला, या प्रश्नाचं उत्तर हे आहे.

एवढा मजकूर भरल्यामुळे हा कोड दाट होतो. त्यात दोनशेहून जास्त अक्षरं असतात. भाजीच्या गाडीवरच्या यूपीआयच्या कोडमध्ये एक पत्ता आणि एक नाव असतं, त्यामुळे त्याचे चौकोन मोठे आणि मोजके असतात. ‘पैसे पाठवताना तर पटकन स्कॅन होतं, म्हणजे कॅमेरा ठीक आहे’ हा युक्तिवाद म्हणूनच फसवा आहे. धूसर भिंगातूनही यूपीआयचा कोड वाचता येतो, हा वाचता येईलच असं नाही.

आता पहिला अडथळा. त्याची खूण सोपी: फोनवर कॅमेऱ्याची चौकट तशीच उघडी राहते. ना कंप होतो, ना फिरतं चक्र येतं, ना कुठला संदेश. फोनला अजून कोड दिसलेलाच नाही. अशा वेळी नेट, वाय-फाय, राउटर यांपैकी कशालाही हात लावू नये.

क्यूआर कोड १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केला, तो मोटारींच्या सुट्या भागांचा माग झटपट ठेवण्यासाठी. त्याच्या तीन कोपऱ्यांतले मोठे चौकोन ही त्यातली खरी हुशारी आहे. त्या चौकोनावरून कोणत्याही दिशेने मधोमध रेघ काढा, काळा-पांढरा-काळा-पांढरा-काळा या पट्ट्यांची रुंदी १:१:३:१:१ अशीच येते. छापील मजकुरात हे प्रमाण सर्वांत क्वचित आढळतं, असं पाहून ते निवडलं होतं. स्कॅनर आधी हे तीन चौकोन शोधतो, मग आतला मजकूर वाचतो. कोडमध्ये चूक दुरुस्त करण्याची सोय असते, कोडच्या प्रकारानुसार सुमारे ७ ते ३० टक्के भाग खराब झाला तरी मजकूर परत मिळतो. पण ही सवलत आतल्या मजकुराला आहे, कोपऱ्यांना नाही. मॉनिटरच्या तड्याखाली नेमका एक कोपरा आला तर बाकीचा कोड कितीही स्वच्छ असून उपयोग नसतो. खिडकी सरकवून कोड पडद्याच्या चांगल्या भागात आणला की काम होतं.

कोडच्या चारही बाजूंना कोरी जागाही लागते, आतल्या सर्वांत लहान चौकोनाच्या चौपट रुंदीची. व्हॉट्सॲप स्वतः ती पांढरी ठेवतं. पण डोळ्यांना त्रास नको म्हणून कुणी ब्राउझरमध्ये सगळी पानं काळी करणारं एक्स्टेन्शन टाकलेलं असेल, तर ते कधी ही कोरी जागा गिळतं, कधी कोडचे रंगच उलटे करतं. काळ्यावर पांढरा कोड काही स्कॅनर वाचतात, काही नाही. ते एक्स्टेन्शन या पानापुरतं बंद करणं हा दोन क्लिकचा उपाय आहे, पण कुणाला सुचत नाही, कारण माणसाच्या डोळ्याला कोड व्यवस्थित दिसत असतो.

सर्वांत जास्त लोक चुकतात ते अंतरात. कोड वाचत नाही म्हटल्यावर आपण फोन आणखी जवळ नेतो. फोनच्या मुख्य कॅमेऱ्याला अगदी जवळची वस्तू स्पष्ट दिसत नाही, आणि हल्लीच्या मोठ्या सेन्सरच्या फोनमध्ये ही मर्यादा आणखी वाढली आहे. दहा सेंटिमीटरवर कोड धूसर होतो, वीत-दीड वीत अंतरावर तो नीट बसतो. जवळ जाण्याऐवजी कोडच मोठा करावा: कंट्रोल दाबून ठेवून अधिकची कळ दोन-तीनदा दाबली की पान मोठं होतं. फक्त इतकं नको की कोडचा खालचा कोपरा पडद्याबाहेर जाईल. पडदा अगदी मंद असेल तर उजेड थोडा वाढवावा, कारण मंद ठेवलेल्या काही पडद्यांवर कॅमेऱ्याला सरकते पट्टे दिसतात. दुकानातले जुने स्वस्त मॉनिटर खालून किंवा कडेने पाहिले तर काळं-पांढरं फिकं पडतं. मॉनिटर फळीवर उंच ठेवलेला आणि दुकानदार खुर्चीत बसलेला, अशा ठिकाणी उभं राहून सरळ समोरून स्कॅन केल्यावर पहिल्या फटक्यात जमलेलं पाहायला मिळतं. आणि भिंग पुसावं. पिठाचा, तेलाचा, घामाचा हात लागलेल्या भिंगाने फोटो बरे येतात, दाट कोड येत नाहीत.

कॅमेऱ्याच्या जागी नुसता काळा चौकोन दिसत असेल तर व्हॉट्सॲपला कॅमेरा वापरण्याची परवानगी नाही. अँड्रॉइड १२ पासून सगळ्या ॲपसाठी एकदम कॅमेरा बंद करणारं बटणही वरून खाली ओढायच्या पट्टीत आलं आहे, ते चुकून दाबलं गेलेलं असू शकतं. आणखी एक चूक: व्हॉट्सॲपमध्ये संपर्क जोडण्यासाठी स्वतःच्या नावाशेजारी वेगळा क्यूआर असतो, तिथून कॉम्प्युटर जोडायला जाऊ नये. योग्य वाट म्हणजे मेनूतलं ‘लिंक्ड डिव्हायसेस’, त्यात ‘लिंक अ डिव्हाइस’, मग बोटाचा ठसा किंवा पिन, आणि त्यानंतर उघडणारा कॅमेरा.

हे सगळं करून शंका उरलीच तर एक साधी परीक्षा आहे. फोनचा नेहमीचा कॅमेरा कोडसमोर धरा. त्याने कोड झटकन ओळखला, तर चित्र ठीक आहे आणि अडचण परवानगीत किंवा चुकीच्या वाटेत आहे. त्यालाही ओळखता आला नाही, तर पडदा, अंतर, भिंग यांतच काही आहे.

वेळेचाही भाग आहे. हा कोड टिकाऊ नसतो. पहिला थोडा जास्त वेळ राहतो, पुढचे साधारण वीस सेकंदांनी बदलतात, आणि काही फेऱ्यांनंतर पान थांबतं आणि कोड पुन्हा आणण्यासाठी बटण दाखवतं. सकाळी पान उघडून चहाला गेलेला माणूस परत येतो आणि त्या बटणाखालच्या मेलेल्या कोडवर फोन धरून उभा राहतो. क्रम उलटा ठेवावा: आधी फोनवर कॅमेरा उघडून तयार राहायचं, मग कॉम्प्युटरवर पान ताजं करायचं.

दुसऱ्या अडथळ्याची खूण वेगळी. कोड समोर येताच कॅमेऱ्याची चौकट मिटते, चक्र फिरतं आणि मग फोन सांगतो की डिव्हाइस जोडता आलं नाही. म्हणजे कॅमेऱ्याने काम केलेलं आहे. आता भिंग पुसून, उजेड वाढवून काही होणार नाही.

इथे तो तिसऱ्या गिऱ्हाइकाचा सल्ला निकालात काढू. फोन आणि कॉम्प्युटर एकाच वाय-फायवर असण्याची गरज नाही. दोघं एकमेकांशी थेट बोलतच नाहीत. दोघंही आपापल्या वाटेने व्हॉट्सॲपच्या सर्व्हरशी बोलतात. फोन मोबाइल डेटावर आणि कॉम्प्युटर ब्रॉडबँडवर असला तरी चालतं. दोघांच्या वाटा वेगळ्या आहेत हेच तर निदानाला उपयोगी पडतं. फोनचं वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर स्कॅन करून पाहा. जमलं, तर दोष वाय-फायच्या वाटेत. नाही जमलं, तर उलट करा: कॉम्प्युटरला फोनचं हॉटस्पॉट द्या. आता जमलं, तर दोष कॉम्प्युटरच्या नेहमीच्या वाटेत आहे. व्हीपीएन चालू असेल तर दोन्हीकडे बंद करून पाहा.

कार्यालयं, बँका, कॉलेजं यांच्या नेटवर्कवर एक फसवी अवस्था दिसते. web.whatsapp.com हे पान उघडतं, पण कोडच्या जागी नुसतं चक्र फिरत राहतं. लोकांना वाटतं नेट हळू आहे. पान उघडणं हे एक काम आणि सर्व्हरशी सतत उघडी राहणारी जोडणी, जिला वेबसॉकेट म्हणतात, हे दुसरं. कोडमधला तात्पुरता क्रमांक त्या दुसऱ्या जोडणीवरून येतो. कार्यालयाच्या फायरवॉलने ती अडवली की पान दिसतं आणि कोड येत नाही. तो बिघाड नसून कार्यालयाने घेतलेला निर्णय असू शकतो. तिथे युक्त्या करण्यापेक्षा संगणक विभागाला विचारावं.

तारीख-वेळ हा जुन्या कॉम्प्युटरचा खास आजार. मदरबोर्डवर सीआर२०३२ नावाचा बटणासारखा सेल असतो, वीज नसताना घड्याळ चालू ठेवणारा. काही वर्षांनी तो संपतो आणि रात्री मेन स्विच बंद केला की सकाळी कॉम्प्युटर कित्येक वर्षं मागे गेलेला असतो. सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रं ठरावीक तारखांपुरती वैध असतात, म्हणून ब्राउझर लाल इशारा देतो आणि पान उघडतच नाही. फोनची तारीख चुकली तर व्हॉट्सॲप स्वतःच तसं सांगतं. तारीख ‘आपोआप’वर ठेवावी, आणि कॉम्प्युटर रोज मागे जात असेल तर थोड्या पैशांत मिळणारा तो सेल बदलून घ्यावा. विंडोज ७ वर अजून काम करणाऱ्यांचा प्रश्न मात्र सेलने सुटणार नाही. क्रोमची १०९ ही त्यावर चालणारी शेवटची आवृत्ती, २०२३ सालची. त्यानंतर तिथे क्रोम अद्ययावत होत नाही, आणि अशा ब्राउझरला एखाद्या दिवशी व्हॉट्सॲप वेब बाहेर ठेवणारच.

आता आपल्या झेरॉक्सच्या दुकानात परत जाऊ, कारण तिसरा अडथळा तिथेच नीट दिसतो. समजा, दुकानदाराचा कॉम्प्युटर हळू चालत होता म्हणून एका ओळखीच्या मुलाने त्यात ‘सफाई’चा प्रोग्रॅम टाकून दिला. तो रोज संध्याकाळी ब्राउझरमधला सगळा साठा पुसतो. त्या साठ्यात व्हॉट्सॲप वेबच्या किल्ल्याही असतात, हे त्या मुलाच्या गावीही नाही. मंगळवारी सकाळी दुकानदाराला नव्याने स्कॅन करावं लागलं, झालं. बुधवारी पुन्हा, तेही झालं. दुकानदाराला वाटलं, व्हॉट्सॲपने काहीतरी नवं केलं असेल. असं शुक्रवारपर्यंत चाललं आणि शनिवारी स्कॅन होईना.

कॉम्प्युटरने किल्ल्या पुसल्या, पण फोनला ते कुणी सांगितलेलं नाही. फोनच्या यादीत रोजची एक याप्रमाणे चार साधनं जमली, चारही ‘गूगल क्रोम, विंडोज’ नावाची, चारही प्रत्यक्षात मेलेली. पाचव्याला जागा नाही. फोनने तशी सूचना दाखवली होती, पण ती इंग्रजीत होती आणि समोर गिऱ्हाईक होतं, त्यामुळे ती न वाचताच बाजूला सारली गेली. त्यानंतर दहा वेळा प्रयत्न झाले. थोड्या वेळात फार प्रयत्न झाले की व्हॉट्सॲप काही काळ नवी जोडणी करूच देत नाही आणि नंतर प्रयत्न करा म्हणून सांगतं. आता दोन अडचणी झाल्या, आणि दुकानदार मात्र अजून कॅमेऱ्यालाच बोल लावतो आहे.

उलगडा ‘लिंक्ड डिव्हायसेस’च्या यादीतच आहे. प्रत्येक नोंदीखाली ती शेवटची कधी सक्रिय होती ते लिहिलेलं असतं. एकाच नावाच्या चार नोंदी आणि ओळीने चार दिवसांच्या वेळा दिसल्या, की कॉम्प्युटर रोज विसरतो आहे हे कळायला तंत्रज्ञ लागत नाही. चारही नोंदी एकेक दाबून लॉग आउट करायच्या. त्यानंतर काही तास थांबायचं. मधल्या वेळात दर पाच मिनिटांनी करून पाहणं म्हणजे शिक्षा वाढवून घेणं. तोवर गिऱ्हाइकांना फाइल दुकानाच्या ईमेलवर पाठवायला सांगावं. आणि मुळावरचा उपाय म्हणजे सफाईच्या प्रोग्रॅममध्ये ब्राउझरचा साठा पुसण्याची खूण काढणं. क्रोममध्येही सगळ्या खिडक्या बंद केल्यावर संकेतस्थळांचा साठा पुसण्याची एक सोय असते, ती चालू आहे का ते पाहावं. गुप्त खिडकीत, म्हणजे इन्कॉग्निटोमध्ये, रोज व्हॉट्सॲप उघडणाऱ्याचीही गत हीच होते: खिडकी मिटली की किल्ल्या गेल्या, नोंद फोनवर राहिली.

याच तिसऱ्या अडथळ्याचा दुसरा प्रकार असा, की फोन म्हणतो जोडलं गेलं, यादीत नावही येतं, पण कॉम्प्युटरवर संदेश उतरवत असल्याची पट्टी अडकून राहते किंवा पुन्हा कोडच येतो. जोडणी झाल्यावर फोन अलीकडचे संदेश कुलूपबंद करून कॉम्प्युटरकडे पाठवतो आणि ब्राउझर ते स्वतःजवळ साठवतो. सी ड्राइव्ह गच्च भरलेला असेल किंवा आधीचा साठा खराब झाला असेल तर हे जमत नाही. पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावर क्लिक करून फक्त या एका पानाचा साठा पुसावा, फोनवरची अर्धवट नोंद काढावी आणि मग नव्याने जोडावं. सगळ्या ब्राउझरचा इतिहास पुसायची गरज नाही, त्यात बँकेपासून वीजबिलापर्यंत सगळीकडचं लॉग इन विनाकारण जातं.

कॅमेराच फुटलेला असेल तर? २०२३ पासून व्हॉट्सॲपने कोडशिवायची वाट दिली आहे. कॉम्प्युटरवर क्यूआरखाली फोन नंबरने लॉग इन करण्याचा दुवा असतो. तिथे भारत निवडून नंबर टाकला की आठ अक्षरा-अंकांचा कोड पडद्यावर येतो. फोनवर ‘लिंक अ डिव्हाइस’मध्ये कॅमेऱ्याखाली असलेला फोन नंबरचा पर्याय निवडून तो कोड टाइप करायचा. दुकानातल्या उंच मॉनिटरसमोर टाचा उंचावण्यापेक्षा हे सोपं. मात्र हा उपाय फक्त पहिल्या अडथळ्याचा आहे. नेट, चार साधनांची मर्यादा, पुसला जाणारा साठा, यांतलं काहीही त्याने सुटत नाही.

याच्या उलट बाजूला धोका आहे. अडलेलं स्कॅन हे फसवणाऱ्यांचंही हत्यार झालं आहे. जानेवारी २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘स्टार ब्लिझार्ड’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या रशियन हॅकर गटाची एक मोहीम उघड केली. युक्रेनला मदत करणाऱ्या संस्थांविषयीच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये सामील व्हा, असा ईमेल यायचा, त्यात क्यूआर कोड असायचा आणि तो मुद्दाम मोडलेला असायचा. माणूस उत्तर पाठवायचा, की कोड चालत नाही. उत्तर आलं म्हणजे सावज गळाला लागलं. मग दुसऱ्या ईमेलमधून एका पानाचा दुवा यायचा, त्यावर चालणारा कोड. तो ग्रुपचा नव्हताच, तो व्हॉट्सॲप वेब जोडण्याचा कोड होता. स्कॅन करणारा स्वतःच्या बोटाच्या ठशाने हल्लेखोराच्या कॉम्प्युटरला आपलं खातं उघडून द्यायचा.

म्हणून कोडचा फोटो कुणाला पाठवू नये आणि पाठवलेला स्कॅनही करू नये. परदेशातल्या मुलाने आईच्या फोनशी स्वतःचा कॉम्प्युटर जोडण्यासाठी कोडचा स्क्रीनशॉट पाठवला, तर तो पोचेपर्यंत बहुधा मेलेला असतो, ते एका अर्थी बरंच आहे. आठ अक्षरांच्या कोडला तर फोटोचीही गरज नाही, फोनवरून बोलता बोलता तो सांगता येतो. त्यामुळे कुणी अनोळखी माणूस ‘हा कोड व्हॉट्सॲपमध्ये टाका’ म्हणाला, तर तो काय मागतो आहे हे ओळखावं.

हे सगळं आत्ता लिहायचं कारणही आहे. २८ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाने संदेश-ॲप चालवणाऱ्या कंपन्यांना निर्देश दिले. त्यांत ॲप सिमकार्डाशी सतत बांधलेलं असावं, आणि वेब आवृत्ती जास्तीत जास्त सहा तासांनी आपोआप लॉग आउट व्हावी, पुन्हा क्यूआर कोडने जोडता यावी, असं म्हटलं आहे. उद्देश सायबर फसवणुकीला आळा घालण्याचा. निर्देश अक्षरशः पाळला गेला तर सकाळी नऊला उघडणाऱ्या दुकानाला दुपारी तीनला पुन्हा फोन पडद्यासमोर धरावा लागेल, आणि आज महिन्यातून एकदा होणारी कटकट रोजची होईल. मोठ्या कार्यालयांत त्यासाठी माणूस असतो. दुकानदाराला आपलं आपणच पाहावं लागतं.

तेव्हा वाचकहो, स्कॅन अडण्याची वाट न पाहता आजच फोनवर ‘लिंक्ड डिव्हायसेस’ उघडा. जुन्या नोकरीतला कॉम्प्युटर, बदललेला लॅपटॉप, सायबर कॅफेतलं एखादं विसरलेलं लॉग इन, जे ओळखीचं नाही किंवा आता वापरात नाही ते लॉग आउट करा. जागा चारच आहेत.